मुकादम कुठल्या पानावर आहे?

जुन्या जालन्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ‘स्थलांतरित मजूर समजून घ्यायचे आहेत. काय वाचू? कादंबरी असली तरी चालेल, फार जाड नको.’ मागणी रास्त आहे. जालन्यात राहून मजूर समजायला पुस्तक कशाला, असं म्हणून कुणी हसू नये. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या फाटकावर वॉचमन अडवतो, पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुणी अडवत नाही.

शिवाय आपला जिल्हा या विषयात भलताच संपन्न आहे. इकडे लोखंडाच्या भट्ट्यांवर राबायला मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेशातून पोरं येतात. तिकडे दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्यातले कोयते ट्रॅक्टरवर चढून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. खुद्द अंबड तालुक्यात अंकुशनगरला साखर कारखाना आहे, कालव्यावर ऊस आहे, तरीही जातात. ‘जालना, सोने का पालना’ म्हणतात ते खरंच आहे. पाळणा आहे म्हटल्यावर तो दोन्ही बाजूंना हलणारच.

तर पुस्तकं. नावांची यादी देण्याआधी एक कसोटी देतो, ती जास्त टिकेल. स्थलांतरावरचं काहीही हाती आलं, कथा असो की वृत्तांत, की पहिल्यांदा एवढंच बघायचं: यात मुकादम कुठल्या पानावर आहे? मुकादम म्हणजे ज्यानं या माणसाला गावातून उचललं तो. ठेकेदार, दलाल, भरती करणारा, आगाऊ रक्कम देणारा, जो कुणी असेल तो. तो सापडला, त्याचा आकडा सापडला, तर वाचत राहा. शेवटच्या पानापर्यंत नुसती पायपीट, नुसते भेगाळलेले तळवे आणि नुसता सूर्यास्त असेल, तर पुस्तक छान असेलही, पण त्यातून तुम्हाला मजूर समजणार नाही. स्वतःच्या डोळ्यांत पाणी येतं एवढं समजेल.

ही कसोटी आपल्या घरच्याच प्रकरणावर लावून पाहू.

7 मे 2020, गुरुवार, बुद्धपौर्णिमा. जालन्याच्या एका स्टील कारखान्यात काम करणारे वीस मजूर संध्याकाळी पायी निघाले. घर मध्य प्रदेशात, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांत. बहुतेक गोंड आदिवासी. टाळेबंदीला दीड महिना होत आला होता, काम बंद. केंद्रानं 29 एप्रिलला अडकलेल्या मजुरांना राज्याबाहेर जाण्याची परवानगी दिली होती आणि 1 मेपासून श्रमिक गाड्याही धावू लागल्या होत्या. पण गाडीत बसायला नोंदणी हवी, पास हवा. आपण आठवडाभरापूर्वीच पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. भुसावळला गाडी मिळेल अशी आशा होती.

आता नकाशा उघडा. जालन्याहून भुसावळ रस्त्यानं दीडशेच्या वर किलोमीटर आहे. रूळ धरून जायचं तर आधी तेव्हाचं औरंगाबाद, मग मनमाड, तिथून उजवीकडे वळून भुसावळ. हा वळसा साडेतीनशेच्या आसपास जातो. शहाणा माणूस दुप्पट लांबीची वाट का धरील? कारण रस्त्यावर जागोजागी नाकाबंदी होती आणि प्रत्येक नाक्यावर तोच कागद मागत होते जो त्यांच्याकडे नव्हता. रुळावर कागद कुणी मागत नाही. प्रवासी गाड्या बंद आहेत हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. मालगाड्या चालू आहेत, हे मात्र सगळ्यांच्या ध्यानात नव्हतं.

बदनापूर मागे पडलं, जिल्ह्याची हद्द संपली. सुमारे छत्तीस किलोमीटर चालून झाल्यावर करमाडजवळ, सटाणा शिवारात, ते थकून रुळावरच आडवे झाले. पहाटे सव्वापाचच्या सुमाराला पेट्रोलचे रिकामे टँकर घेऊन मनमाडकडे निघालेली मालगाडी आली. चालकानं पाहिलं, हॉर्न दिला, ब्रेक लावला. गाडी थांबेपर्यंत उशीर झाला होता. सोळा गेले. जे थोडे बाजूला झोपले होते ते वाचले.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे, कारण फोटो निघाला. रुळावर विखुरलेल्या पोळ्या. त्या आठवड्यात महाराष्ट्रात त्या पोळ्यांवर जेवढ्या कविता झाल्या, तेवढ्या पोळ्या आदल्या आठवड्यात कुणी एमआयडीसीत पोचवल्या असत्या तर हे वीस जण कदाचित निघालेच नसते. कवींना दोष देत नाही. फोटोच तसा होता. पण फोटोला एक खोड असते. तो पहाटे सव्वापाचला सुरू होतो. वृत्तांतानं आदल्या संध्याकाळी सात वाजता सुरू व्हायला हवं, आणि चांगल्या वृत्तांतानं तर त्याही आधी, शहडोलमध्ये, ज्या दिवशी कुणीतरी येऊन म्हणालं की जालन्याला काम आहे, चल, त्या दिवशी.

पत्रकारांवर सरसकट ठपका ठेवणार नाही. वाचलेल्यांना शोधून पासच्या अर्जाबद्दल विचारलं ते त्यांनीच, काही जण मध्य प्रदेशातल्या गावांपर्यंत पोचलेही. त्यामुळेच आपल्याला अर्जाची गोष्ट कळली. पण माझ्या वाचनात आलेल्या बातम्यांत एक कागद कुठेही दिसला नाही. तो म्हणजे पासबुक. बँकेचं नव्हे. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा तेव्हा लागू होता. परराज्यातून पाच किंवा अधिक मजूर आणणाऱ्या ठेकेदारानं परवाना घ्यायचा, आणि प्रत्येकाला फोटोसह पासबुक द्यायचं असा त्यात नियम. पासबुकात काय लिहायचं? कामाचं ठिकाण, मुदत, मजुरीचा दर, कापलेल्या रकमा आणि परतीचं भाडं. हो, परतीचं भाडं. घरून कामावर येण्याचं आणि कामावरून घरी जाण्याचं भाडं ठेकेदारानं द्यायचं, असं कायदा म्हणत होता. वर विस्थापन भत्ता म्हणून महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम, आणि ती परत मागायची नाही.

म्हणजे त्या रात्री विचारायचा प्रश्न ‘ते रुळावर का झोपले’ हा नव्हताच. प्रश्न होता, यांना आणलं कुणी, आणि पासबुक कुठाय? पण पहिला प्रश्न सोपा असतो. 15 मेला स्थलांतरितांबद्दलचा एक अर्ज सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा खंडपीठानंही तोच विचारला: लोक रुळावर झोपले तर ते कुणी कसं थांबवायचं? अर्ज निकाली निघाला. सोळा मृतदेह मात्र रेल्वेनंच जबलपूरकडे गेले. त्या गाडीसाठी कुणी नोंदणी विचारली नाही.

इथे वाचक विचारील, स्टील कारखान्याला शहडोलचाच मजूर कशाला हवा? घनसावंगीचा का नको? आणि घनसावंगीच्या माणसाला जवळची भट्टी सोडून दूरचा फड का हवा? हा प्रश्न ज्या माणसानं सगळ्यात नीट सोडवला तो जालन्याचा नाही, महाराष्ट्राचाही नाही. यान ब्रेमन नावाचा डच समाजशास्त्रज्ञ. त्यानं दक्षिण गुजरातेत, बारडोली भागात, 1970च्या दशकात ऊसतोडीचा अभ्यास केला. तिथे स्थानिक हळपती भूमिहीन कामाविना बसलेले, आणि सहकारी साखर कारखाने तोडणीला माणसं आणत होते आपल्या खानदेशातून. ब्रेमनचा निष्कर्ष कारखानदाराला आवडणार नाही असा आहे. स्थानिक आळशी म्हणून बाहेरचे आणले जात नाहीत. बाहेरचा माणूस उचल घेऊन बांधलेला असतो. फडाच्या शेजारीच राहतो म्हणून रात्री दोनला उठवला तरी हजर असतो. घरी मयत झाली तरी जाऊ शकत नाही. भांडायला गावची माणसं पाठीशी नसतात. आणि हंगाम संपला की आपोआप निघून जातो, त्याच्या आजारपणाची, म्हातारपणाची, पोरांच्या शाळेची जबाबदारी कुणावर पडत नाही.

हे वाचलं की जालन्याचा पाळणा उलगडतो. शहडोलचा पोरगा इथे परका म्हणून सोयीचा. घनसावंगीचा गडी सांगली-कोल्हापूरकडे परका म्हणून सोयीचा. दोघांनाही आपापल्या घराजवळ काम मिळालं असतं तर दोघंही पोळ्याला सुट्टी मागणार, पगार थकला तर चार माणसं घेऊन फाटकावर येणार. माणूस हलतो त्यापेक्षा जास्त वेळा हलवला जातो. ब्रेमनची पुस्तकं जाड आहेत हे पत्रलेखकाला आधीच सांगून ठेवतो. पण ‘फूटलूज लेबर’ (1996) मिळालं तर बघा. पानोपानी मुकादम आहे.

आता आपल्या कोयत्याचा हिशेब मांडू, कारण ऊसतोडीवरची बहुतेक साहित्यिक पानं कोपीतल्या चुलीपाशी थांबतात, वहीपाशी येत नाहीत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. समजा जोडीनं मुकादमाकडून एक लाख उचल घेतली. पोरीचं लग्न असेल, दवाखाना असेल, मागची बाकी असेल. 2024 च्या जानेवारीत करार झाला तेव्हा तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 वर गेला. चौतीस टक्के वाढ म्हणून पेढे वाटले गेले. लाखाला 366 नं भागा: सुमारे 273 टन. जोडी पहाटेपासून अंधारापर्यंत राबली तर दिवसाला दीड ते दोन टन तोडते, मोळ्या बांधते, गाडीत भरते. दोन टन धरले तरी एकशे छत्तीस दिवस. एवढे दिवस नुसती उचल फिटायला. जेवायचं काय? त्यासाठी मुकादम आठवड्याला खर्ची देतो. ती हजार रुपये धरा, वीस आठवड्यांचे वीस हजार, म्हणजे अजून सत्तावीस दिवस. झाले एकशे त्रेसष्ट. हंगाम कितीचा? ऊस भरपूर असेल तर चार-पाच महिन्यांचा. दुष्काळाच्या वर्षी कारखाना शंभर दिवसांतच पट्टा पाडतो. वाढं विकून मीठमिरची सुटते, एवढंच. आणि एखादा दिवस कामावर गेलं नाही तर खाडा. त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर दंड.

उरलेली रक्कम म्हणजे बाकी. पुढच्या दिवाळीला ट्रॅक्टर दारात उभा राहतो तो या बाकीसाठी. आता सांगा, या जोडीनं पुढच्या वर्षी जायचं की नाही हे कुणी ठरवलं? ‘पोटासाठी दाही दिशा’ असं लिहिणाऱ्या लेखकाला एकदा ही वही दाखवली पाहिजे. दिशा दहा नसतात. एकच असते, आणि ती वहीत लिहिलेली असते.

या खाड्यानं काय केलं, ते एका वृत्तांतानं दाखवलं. 2019 च्या एप्रिलमध्ये राधेश्याम जाधव यांनी ‘द हिंदू बिझनेसलाइन’मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांबद्दल लिहिलं. तरुण वयात गर्भाशय काढून टाकलेल्या बायका गावोगाव होत्या. त्यांनी नुसती व्यथा लिहिली असती तर ती व्यथाच राहिली असती. त्यांनी साखळी लिहिली: पाळीच्या दिवसांत काम होत नाही, खाडा पडतो, दंड लागतो, मुकादमाला पाळी न येणारी बाई बरी वाटते, आणि साध्या तक्रारीसाठी गेलेल्या बाईला पिशवी काढायचा सल्ला देणारे दवाखाने तयार असतात. त्यानंतर गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांवर बायकांचं सर्वेक्षण आलं, त्यात तेरा हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. बीड म्हणजे काही परदेश नव्हे. शहागडचा पूल ओलांडला की बीड. वृत्तांत असा असतो. त्यात मुकादम आहे, दंडाची रक्कम आहे, बिल आहे.

कथा-कादंबरीकडून मात्र वहीची अपेक्षा करू नये. तिचं काम वेगळं. ती सांगते की माणूस पोचल्यावर पहिल्या रात्री काय होतं. बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा घ्या. संग्रह 1963 चा. नायक रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधन्याला जातो. नोकरी मिळते. नोकरी मिळणं सोपंच निघतं, अवघड असते ती खोली. कारण खोली देणारा भाड्याआधी जात विचारतो. स्थलांतराच्या आकडेवारीत हा माणूस ‘रोजगारासाठी स्थलांतरित’ या एका ओळीत बसतो, आणि त्याच्या पाठीवर पडणारा मार कुठल्याच रकान्यात बसत नाही. जालन्यात परप्रांतीय पोरं कारखान्याच्या आवारात पत्र्याखाली झोपतात, ती तेवढ्यानं मालकाच्या दयेवर असतात, हे मला कुठल्या अहवालानं नाही, बागुलांच्या कथेनं दाखवलं.

आणि कथा-वृत्तांत दोन्ही एकाच माणसाला जमल्याचं उदाहरण हवं तर जॉन स्टाइनबेक. 1936 साली त्यानं आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांच्या छावण्यांवर लेखमाला लिहिली, मग 1939 मध्ये ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’. कादंबरीत एक फाटका माणूस भेटतो आणि मुकादमाचं गणित फोडून सांगतो. मालकाला आठशे माणसं हवी असतात, तो पाच हजार पत्रकं छापतो, आणि भुकेली गर्दी जमली की मजुरी पाडतो. ऐकणाऱ्यांना पटत नाही; त्यांनी घरातलं होतं नव्हतं ते विकून पत्रकावर विश्वास ठेवलेला असतो. लेखमाला आधी केल्याशिवाय तो माणूस स्टाइनबेकला सुचला नसता, असं माझं मत.

धरणग्रस्तांसाठी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आहेच. 1991 ची. तिच्यातला मुकादम सरकारी आहे, एवढा फरक. तो उचल देत नाही, फाइल देतो. तीही फिटत नाही.

मराठी लेखकांवर माझा एक राग आहे, तो काढून घेतो. आपण मुंबईला गेलेल्या मराठी माणसावर भरपूर लिहिलं. गिरणी, चाळ, मनिऑर्डर, गावावर राहिलेली बायको. अण्णा भाऊ स्वतः वाटेगावहून मुंबईला पायी गेले होते, त्यांना ते लिहायचा हक्क होता. पण महाराष्ट्रात आलेला परका आपल्या कथेत एक तर भेळवाला असतो नाहीतर गुंड. जालन्याच्या भट्टीवरचा गोंड पोरगा, तो बिलेटपाशी उभा असताना काय बोलतो, कुणाशी बोलतो, त्याची बोली कुणाला कळते, याची एकही कादंबरी माझ्या माहितीत नाही. कुणी लिहीत असेल तर त्यानं पाठवावी, इथे परीक्षण विनामूल्य छापू. मुकादमाला मात्र खलनायक करू नका. बहुतेक मुकादम कालपर्यंत कोयता धरणारेच होते. कारखान्याच्या वाहतूकदाराकडून तेच कर्ज उचलतात, आणि टोळी उचल घेऊन पळाली तर त्यांचीच जमीन जाते. त्याच्या टक्क्यात, टनामागच्या त्या थोड्या रुपयांत, एक अख्खी कादंबरी आहे. खलनायक केला की ती संपते.

आणि सरकारी साहित्य? तेही वाचावं, थोडकं असतं. 14 सप्टेंबर 2020 ला लोकसभेत विचारलं गेलं की टाळेबंदीत घरी जाताना किती मजूर मेले. कामगार मंत्रालयाचं उत्तर: अशी माहिती ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच अधिवेशनात किती परतले याचा आकडा मात्र दिला गेला, एक कोटी चार लाखांच्या वर. परतलेले मोजले, न परतलेले मोजले नाहीत. करमाडचे सोळा तेवढे मोजले गेले, कारण ते एकाच जागी होते.

तेव्हा पत्रलेखक, बागुलांपासून सुरुवात करा, जाड नाही. मग जमलं तर ब्रेमन. आणि एखाद्या रविवारी ओळखीच्या ठेकेदाराकडे पासबुकाचा एक नमुना मागून पाहा. मात्र लवकर करा: 1979 चा तो कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहितेत विरघळला आहे. पाच मजुरांची अट दहावर गेली, आणि विस्थापन भत्ता नव्या संहितेत नाही.